जॉब शेअरमध्ये पगार अर्धा, मग सुट्ट्याही अर्ध्या का?

"ताई, बायकोला मँचेस्टरच्या एका कंपनीची स्पॉन्सरशिप मिळाली, मी आणि चार वर्षांची मुलगी डिपेंडंट म्हणून येतोय. एका ऑफिस जॉबच्या जाहिरातीत जॉब शेअर, पगार 36,000 पौंड प्रो राटा असं लिहिलंय. म्हणजे नक्की हातात किती आणि सुट्ट्या किती? मुलगी लहान आहे तर बायकोनेच असं काही घेतलं तर चालेल का? मी सध्या नागपूरला मिहानमध्ये आहे, मार्चमध्ये निघायचं म्हणतोय."

भाऊ, आधी बायकोचं सांगते कारण तिथे चूक महागात पडते. जॉब शेअर म्हणजे एकच पोस्ट दोघांनी अर्धी-अर्धी वाटून करायची, त्याला तिने सध्या अजिबात हात लावू नये. स्किल्ड वर्कर व्हिसाला पगाराची जी साधारण किमान मर्यादा आहे, 22 जुलै 2025 पासून 41,700 पौंड, ती अर्धवेळ कामाला अर्धी होत नाही. त्या-त्या कामाचा जो ठरलेला दर असतो तो तासांप्रमाणे कमी धरतात पण ही मर्यादा तशीच राहते, म्हणजे 60,000 ची पोस्ट दोघींत वाटली तर तिचे 30,000 होतील आणि व्हिसाच धोक्यात. हेल्थ केअरवाल्यांचे आकडे वेगळे आहेत, ते तुम्हाला लागू नाहीत. तू डिपेंडंट आहेस, तुला पगाराची अशी अट नाही, त्यामुळे जॉब शेअर करायचाच तर तू कर. मी पण डिपेंडंटवरच सुरू केलं होतं.

आता पगार. प्रो राटा म्हणजे तासांच्या प्रमाणात. 36,000 हा त्या एका खुर्चीचा पगार, खुर्चीत दोघं आळीपाळीने बसतात. साडेसदतीस तासांचा आठवडा असेल तर तुझे पावणेएकोणीस तास आणि 18,000 पौंड. कॉन्ट्रॅक्ट दोघांचं वेगळं असतं. हातात मात्र बरोबर अर्धा येत नाही, थोडा जास्त येतो, कारण पहिले 12,570 पौंड टॅक्स फ्री असतात आणि ते प्रत्येकाला पूर्ण मिळतात, वाटून नाही. पेन्शनची कपात सोडून मोजलं तर पूर्ण पोस्टवाल्याला महिन्याला साधारण 2,450 पडतात आणि तुला 1,370. आमच्या आईला हे अजून पटलेलं नाही, ती धंतोलीतल्या मावशीला सांगते "पोरगी अर्धी नोकरी करून राहिली".

खरा घोळ सुट्ट्यांमध्ये असतो आणि तो जाहिरातीत दिसत नाही. तुला वाटेल अर्ध्या सुट्ट्या म्हणजे 25 च्या साडेबारा, संपलं. नाही बाप्पा. इथे बँक हॉलिडे म्हणून आठ सरकारी सुट्ट्या असतात आणि त्यातल्या निम्म्या तरी सोमवारी येतात. 2026 चं कॅलेंडर काढून बघ, इंग्लंडमध्ये आठपैकी पाच सोमवारी आहेत, ईस्टर मंडे, मे मधल्या दोन, ऑगस्टची शेवटची आणि बॉक्सिंग डे शनिवारी आला म्हणून 28 डिसेंबर. उरलेल्या तीन गुरुवार-शुक्रवारी. आता माझी जॉब शेअरमधली पार्टनर सोमवार, मंगळवार आणि बुधवारी सकाळी काम करते, मी बुधवारी दुपारपासून शुक्रवारपर्यंत. "ज्याच्या दिवशी सुट्टी आली त्याची" असं ऑफिसने ठरवलं तर तिला पाच दिवस फुकट घरी आणि मला तीन, पगार दोघींचा सारखाच.

माझ्या पहिल्या वर्षी हेच झालं. एचआरने दोघींना साडेबारा-साडेबारा दिवस लिहून दिले आणि बँक हॉलिडे जसा येईल तसा. मला काही महिने कळलंच नाही, ऑगस्टमध्ये पार्टनर सहज म्हणाली की तिला यावर्षी किती लाँग वीकेंड मिळाले आणि मी घरी जाऊन वहीत मोजायला बसले.

बरोबर हिशोब असा की दिवसात मोजायचंच नाही, तासात मोजायचं. पूर्ण पोस्टच्या 25 सुट्ट्या आणि 8 बँक हॉलिडे मिळून 33 दिवस, एक दिवस साडेसात तासांचा, म्हणजे एकूण 247.5 तास. अर्धे तुझे, 123.75. तुझ्या दिवशी बँक हॉलिडे आला की तेवढे तास त्या खात्यातून वजा. 2026 मध्ये पार्टनरचे पाच दिवसांचे 37.5 तास जातात, तिच्याकडे मनासारखे घ्यायला 86.25 उरतात. माझे तीन दिवसांचे 22.5 जातात, मला 101.25 उरतात. दोघींची बेरीज सारखीच, फक्त तिची जास्त सुट्टी कॅलेंडर ठरवतं आणि माझी मी ठरवते. जुन्या पद्धतीत माझा एक अख्खा दिवस मरत होता. अर्धवेळ माणसाला पूर्णवेळवाल्यापेक्षा वाईट वागणूक द्यायची नाही असा इथे 2000 सालचा नियम आहे, मी एचआरला भांडायला गेले नाही, हा तासांचा हिशोब एका पानावर लिहून मेल केला आणि पंधरा दिवसांत दुरुस्त झाला. एक गोष्ट लक्षात ठेव, कायद्याने किमान 5.6 आठवडे सुट्टी मिळतेच पण त्यात बँक हॉलिडे धरलेले चालतात, म्हणून ऑफरमध्ये "28 दिवस" दिसले की ते बँक हॉलिडे धरून की वगळून हे विचारूनच सही कर.

नागपूरला यायच्या दृष्टीने आठवड्याचा कोणता भाग घेतोस ते फार महत्त्वाचं. माझं शुक्रवारी संध्याकाळी सुटतं आणि बुधवारी दुपारी सुरू होतं. दोन आठवड्यांची रजा टाकली की फक्त 37.5 तास जातात आणि मधे पूर्ण अठरा दिवस मोकळे मिळतात, म्हणजे घरी तर्री पोहे खाऊन, इतवारीत आईसोबत फिरून, प्रवासाचे दोन दिवस धरूनही दोन आठवडे हातात. पूर्णवेळ नोकरीत तेवढ्याच रजेत सोळा. पण दिवाळीत आधीच पार्टनरशी बोल, कारण दोघं एकाच वेळी गेले की खुर्ची रिकामी. ती सुट्टीवर असताना तिचे दिवस आपण भरायचे असं बंधन कॉन्ट्रॅक्टमध्ये नसेल तर नसतं, पण काही मॅनेजर गृहीत धरतात. मी एकदा भरले, एक्स्ट्रा तास लिहून घेतले, नाहीतर ते हवेत जातात.

बुधवारचा अर्धा तास आम्ही दोघी एकत्र असतो, तोच आमचा हँडओव्हर. एक शेअर्ड वही आहे, त्यात अडकलेल्या कामाच्या पुढे कोणाचा फोन यायचा आहे आणि काय कबूल केलंय ते लिहायचं. आधी नुसतं "बोलणं झालंय" लिहायचो आणि ग्राहकाला दोघींनी दोन वेगळ्या तारखा दिल्या, तेव्हापासून तारीख लिहिल्याशिवाय पान बंद करायचं नाही असं ठरलंय. हा अर्धा तास तासांच्या बाहेरचा आहे की आत ते आधी विचार, आमचा आत आहे.

शेवटचं, इंटरव्ह्यूत हे विचारायला लाजू नको: पार्टनर नोकरी सोडून गेली तर काय? बऱ्याच ठिकाणी उरलेल्याला आधी पूर्ण पोस्ट विचारतात, नको असेल तर नवा पार्टनर शोधतात, आणि सापडला नाही तर पुढे काय हे प्रत्येक कॉन्ट्रॅक्टमध्ये वेगळं असतं. माझ्यात बारा आठवडे शोधतील असं लिहिलंय. तुझ्यात काहीच नसेल तर मेलवर लेखी मागून घे, तोंडी "वी विल सी" वर मार्चचं तिकीट काढू नको. आणि जाहिरातीची लिंक टाक, सुट्टीची ओळ मी बघून सांगते.