नीच आणि अस्त बुधाचा नीचभंग कसा वाचायचा?

प्रश्न: मिथुन लग्न, दशमात मीनेत बुध ९ अंश, तिथेच रवी १६ अंश, चौथ्यात कन्येत गुरू. एक ज्योतिषी म्हणाले नीचभंग राजयोग आहे, दुसरे म्हणाले बुध नीच आणि अस्त, कामातून गेला. कोणाचं ऐकू?

उत्तर:

दोघंही अर्धंच बोललेत. नीच आणि अस्त हे दोन वेगळे दोष आहेत, आणि नीचभंगाने फक्त पहिला सुटतो. रवीपासूनचं अंतर गुरू कुठेही बसला तरी बदलत नाही, म्हणून दोन्ही वेगवेगळे तपासायचे.

आधी नीचत्व बघू. बुधाचा परमनीच अंश मीनेत १५, तुमचा ९ वर आहे म्हणजे फक्त ६ अंश अलीकडे. षड्बलात उच्चबल काढताना या अंतराला ३ ने भागतात, म्हणजे ६० पैकी २ मिळतात, आणि कितीही मोठा नीचभंग झाला तरी हा आकडा तेवढाच राहतो. मग भंग होतो म्हणजे नेमकं काय होतं, तर बुधाला दुसऱ्याचा आधार मिळतो. मीनेचा स्वामी गुरू लग्नापासून केंद्रात आहे, हा भंगाचा नेहमीचा नियम झाला, शिवाय तो सातव्या दृष्टीने बुधाला बघतोय, आणि तुमच्याकडे तर बुध गुरूच्या राशीत आणि गुरू बुधाच्या राशीत असा परिवर्तन योगही आहे. म्हणजे भंग कागदावरचा नाही, चांगला भक्कम आहे. नवमांशही बघा, मीनेत ६ अंश ४० कला ते १० अंश हा कन्या नवमांश, म्हणजे तुमचा बुध नवमांशात उच्चीचा होतो! पण १० अंश ओलांडले की तूळ नवमांश लागतो, तेव्हा पत्रिकेत अंशांपुढच्या कला आणि अयनांश कोणता वापरलाय ते नीट बघा, कोणी ९ अंश ५८ कलाचं सरळ १० लिहून टाकलं असेल तर अख्खा निष्कर्ष फिरतो.

आता अस्त. बुध मार्गी असताना रवीपासून १४ अंशांच्या आत आणि वक्री असताना १२ च्या आत आला की अस्त धरतात, तुमचं अंतर ७ आहे, त्यामुळे अस्त आहेच, त्यात पळवाट नाही. फक्त बुध रवीपासून २८ अंशांपलीकडे कधी जातच नाही, त्यामुळे अस्त बुध खूप पत्रिकांत सापडतो आणि त्याला गुरू-शनीच्या अस्ताइतकं कडक धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. इथे खरं बघायचं ते मार्गी की वक्री. बुध रवीच्या मागे आहे, मार्गी आणि वेगात असेल तर तो रवीकडे धावतोय आणि जन्मानंतर अस्त आणखी गडद होत जातो, वक्री असेल तर तो रवीपासून सुटतोय. दुसरा बुध मी बराच बरा मानतो.

फळाच्या भाषेत सांगायचं तर बुध तुमचा लग्नेश आणि चतुर्थेश, त्याला सावरणारा गुरू सप्तमेश आणि दशमेश. त्यामुळे सुरुवातीला अभ्यासात, हिशोबात, बोलण्यात अडखळणं आणि नंतर एखाद्या गुरुजनामुळे, जोडीदारामुळे किंवा नोकरीतल्या वरिष्ठामुळे गाडी रुळावर येणं, असा क्रम अपेक्षित आहे. अस्ताचा भाग मात्र वेगळा उरतो. मिथुनेला रवी तृतीयेश, त्यामुळे लिखाण, संवाद, स्वतःची बाजू मांडणं यात काम तुमचं आणि नाव वरच्याचं असं घडू शकतं. गुरूची दृष्टी रवीवरही आहे म्हणून वरचा माणूस सहसा दुष्ट निघत नाही, पण झाकोळ राहतोच. आणि हो, मिथुनेला गुरू बाधकेशही असतो, म्हणून मदत येते पण उशिराने किंवा अटी घालून येते.

हे कधी दिसेल ते दशेवरून कळतं. बुधाच्या १७ वर्षांच्या महादशेत रवीची अंतर्दशा साधारण सव्वासहा वर्षं झाल्यावर येते, जेमतेम १० महिन्यांची, अस्ताचा त्रास तिथे ठळक जाणवतो. गुरूची अंतर्दशा मात्र १२ वर्षं उलटल्यावर लागते आणि सव्वादोन वर्षं चालते, नीचभंगाचं फळ मुख्यतः तिथे बघायचं. म्हणून महादशा लागल्या लागल्या राजयोगाची वाट बघत बसलात तर वाटेल ज्योतिषी खोटं बोलले. गुरूच्या महादशेत बुधाची अंतर्दशा तुमच्या आयुष्यात होऊन गेली असेल तर त्या काळात शिक्षणात किंवा कामात काय झालं ते आधी आठवून बघा, हा योग तुमच्याकडे कितपत चालतो ते पुढच्या कुठल्याही भाकितापेक्षा त्यातून जास्त कळेल. बुध मार्गी की वक्री आणि नेमक्या कला किती ते कळवलंत तर पुढचं सांगता येईल.