द्राक्षाच्या पॅकहाउसमधून एमबीएकडे: करिअर गोल कामाशी जुळवायचे कसे

प्रश्न: "दिंडोरी तालुक्यात द्राक्ष निर्यातीच्या पॅकहाउसमध्ये चार वर्षं झाली. आधी क्वालिटी बघायचो, आता डिस्पॅचचं प्लॅनिंग. एमबीए अर्जाच्या एसेमध्ये शॉर्ट-टर्म गोल कन्सल्टिंग आणि लाँग-टर्म स्वतःचं ॲग्री स्टार्टअप असं लिहिलंय. वाचणारा प्रत्येक जण म्हणतो की गोल कामाशी जुळत नाहीत. नक्की काय बदलू?"

ही जोडी बघितल्याबरोबर ओळखली. आधी कन्सल्टिंग, मग स्टार्टअप. नाशिकमधल्या एका सल्ला कार्यालयाने माझ्याही हातात हीच ठेवली होती. तिथे अंबडच्या कारखान्यातला इंजिनिअर असो, बँकेतला अधिकारी असो की पॅकहाउसमधला माणूस, फी भरली की सगळ्यांना तोच साचा मिळायचा, फक्त मधलं क्षेत्राचं नाव बदललेलं. तुम्ही अशाच एखाद्या ठिकाणाहून ही ओळ आणली असेल, तर ती आधी खोडा. मी कुठल्या प्रवेश समितीवर नाही, त्यामुळे पुढचं सगळं माझं मत म्हणून वाचा. शब्दमर्यादा आणि प्रश्न दरवर्षी बदलतात, ते त्या त्या बिझनेस स्कूलच्या साइटवरूनच घ्या.

कन्सल्टिंग हे ध्येय म्हणून वाईट नाही. पण एसे वाचणाऱ्याने त्याआधी तुमचा रेझ्युमे वाचलेला असतो आणि त्याच्या मनात दोन साधे प्रश्न असतात. हे शॉर्ट-टर्म काम या माणसाला कोणी देईल का? आणि ते काम केल्यावर तो लाँग-टर्मच्या एक पायरी जवळ जाईल का? तुमच्या मसुद्यात पहिल्याचं उत्तर धूसर आहे आणि दुसऱ्याचं तर उत्तरच नाही. कन्सल्टिंगमध्ये सिमेंट, विमा, औषधं असं काहीही वाट्याला येऊ शकतं, त्यातून फळांचा धंदा कसा उभा राहील हे तुम्ही कुठे सांगितलेलं नाही. शिवाय "ॲग्री स्टार्टअप" म्हटल्यावर काय विकणार, कोणाला विकणार आणि पैसे कोण देणार, यातलं काहीच कळत नाही.

माझ्या मते गोल हुद्द्यापासून शोधायचेच नाहीत. गेल्या चार वर्षांत जिथे अडचण तुम्हाला स्वच्छ दिसत होती पण निर्णय तुमच्या हातात नव्हता, अशा जागा कागदावर लिहून काढा. प्रत्येकीपुढे लिहा की तो निर्णय घ्यायला तुमच्याकडे काय कमी होतं, अधिकार, माहिती की एखादं कौशल्य. द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये अशा तीन जागा तरी हमखास निघतात.

पहिली रेसिड्यूची, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या अंशाची. माल तयार होतो आणि प्लॉटचा रिपोर्ट फेल येतो, पण त्याचं मूळ ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्यांत असतं. दुसरी क्लेमची. कंटेनर रॉटरडॅमला उघडल्यावर देठ सुकलेले किंवा मणी सल्फर पॅडच्या वायूने पांढुरके पडलेले निघतात, खरेदीदार पैसे कापतो, आणि प्रीकूलिंग उशिरा झालं की वाटेत तापमान चढलं याचा वाद मेलवर चालत राहतो. तिसरी जागा म्हणजे बंद पडलेलं पॅकहाउस. हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल. त्यानंतर प्रीकूलिंगच्या खोल्या आणि कोल्ड स्टोरेज रिकामं असतं, पण कर्जाचं व्याज आणि वीजबिलातला स्थिर आकार चालूच राहतो.

यातली एकच निवडा. तिन्ही घातल्या तर एसे तक्रारींची यादी होतो. मी तिसरी घेईन. रेसिड्यूचं उत्तर बरंचसं शेतीशास्त्रात आहे, त्यासाठी एमबीए कशाला, हा प्रश्न पुढे येणारच. क्लेमचा बराचसा भाग डेटा लॉगर, शिस्त आणि करारातल्या अटींनी सुटतो. रिकामं पॅकहाउस मात्र सरळ धंद्याचा प्रश्न आहे, आणि तुम्ही तो आतून बघितलेला आहे.

आता तो शेवटपर्यंत नेऊन बघू. सटाणा-मालेगाव भागातलं आंबे बहाराचं डाळिंब जूनपासून पुढे निघतं, म्हणजे नेमकं तुमच्या खोल्या मोकळ्या असताना. द्राक्षाला 0 ते 1 अंश तापमान लागतं. डाळिंब 5 अंशांच्या खाली फार काळ ठेवलं तर थंडीने साल तपकिरी पडते, म्हणून खोली वेगळ्या तापमानाला लावावी लागते. घड हाताळायची लाइन डाळिंबाला चालत नाही, ग्रेडिंग वेगळं करावं लागतं. हे सगळं तुम्हाला येतं किंवा शिकता येतं. अडतं ते पुढे. वर्षभराचा माल घ्यायला कोणता खरेदीदार बांधील राहील? नव्या लाइनचा खर्च किती हंगामांत वसूल होईल? एका पिकाचा भाव पडला तर दुसरं पीक तो तोटा झेलेल का? चार वर्षं विक्रेत्याच्या बाजूला उभं राहून ही उत्तरं मिळत नाहीत. शॉर्ट-टर्म गोल याच पोकळीतून निघतो.

म्हणजे शॉर्ट-टर्म काम खरेदीच्या बाजूचं हवं. किरकोळ विक्रीच्या साखळीत किंवा ताज्या मालाच्या कंपनीत फळांची वर्षभराची खरेदी बघणारा सोर्सिंग किंवा कॅटेगरी मॅनेजर, ज्याच्याकडे अनेक पिकं आणि नफ्या-तोट्याची जबाबदारी असते. लाँग-टर्म म्हणजे साधारण दहा वर्षांनी, नाशिक जिल्ह्यातली आधीच उभी असलेली पॅकहाउस भाड्याने घेऊन त्यांत तीन-चार पिकं फिरवणारी, वर्षातले बहुतेक महिने चालणारी कंपनी. एसेमध्ये हे इंग्रजीत लिहाल, पण सांगाडा असा ठेवता येईल:

"दरवर्षी मेमध्ये मी चालू स्थितीतलं पॅकहाउस कुलूप लावून बंद होताना बघतो. त्याच वेळी साठ किलोमीटरवर डाळिंबाला प्रीकूलिंग मिळत नाही. एमबीएनंतर मला ताज्या फळांची खरेदी सांभाळायची आहे, कारण वर्षभराचा करार कशावर ठरतो हे मी फक्त विक्रेता म्हणून बघितलं आहे. त्यानंतर अशी रिकामी पॅकहाउस अनेक पिकांवर चालवणारी कंपनी उभी करायची आहे."

अंतर तुमच्या गावाप्रमाणे खरं लिहा, माझं नमुन्यापुरतं आहे. हा परिच्छेद बँकेतल्या माणसाला चिकटवता येत नाही, आणि मसुदा बरा झाला की नाही हे मी याच कसोटीवर बघतो.

मागच्या कामातला आकडाही याच धाग्यातला निवडा. समजा तुम्ही गेटवरची ट्रकची थांबायची वेळ सहा तासांवरून तीनवर आणली असेल. नुसतं "कार्यक्षमता वाढवली" असं लिहिलं तर ते वाया गेलं. द्राक्ष तोडल्यापासून काही तासांत थंड व्हावं लागतं, म्हणून गेटवर वाचलेला वेळ म्हणजे तेवढाच टिकाऊपणा. शिवाय एकाच दिवशी जास्त माल फिरवता आला म्हणजे त्याच खोल्यांतून जास्त काम निघालं. इथून रिकाम्या खोल्यांच्या प्रश्नाकडे वाचणारा आपोआप येतो. क्वालिटीत मिळालेला पुरस्कार, कंपनीतलं स्पर्धेचं बक्षीस वगैरे रेझ्युमेत राहू द्या.

500 शब्दांची मर्यादा असेल तर मी मागच्या कामाला दीडशेच्या आत ठेवतो, शॉर्ट-टर्मला तितकेच देतो आणि लाँग-टर्मला शंभराच्या आत बसवतो. उरलेले शब्द "एमबीए का आणि इथेच का" याला. बहुतेक जण उलटं करतात, अर्धा एसे चरित्रात घालवतात आणि शॉर्ट-टर्मला दोन ओळी राहतात. कोलंबिया बिझनेस स्कूलने कित्येक वर्षं एमबीएनंतरचं लगेचचं ध्येय 50 कॅरॅक्टरमध्ये मागितलं आहे, मोकळ्या जागा धरून. तिथे अर्ज करा किंवा करू नका, इंग्रजीत तेवढ्यात लिहून बघा. काम, क्षेत्र आणि जमलं तर ठिकाण त्यात बसलं पाहिजे. बसत नसेल तर ध्येय अजून ठरलेलं नाही.

आता ज्या चुकीने सगळ्यात जास्त नुकसान होतं ती. एसे सुधारतो, पण बाकीचा अर्ज जुनंच बोलत राहतो. बऱ्याच शाळांच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये एमबीएनंतरचं क्षेत्र आणि कामाचा प्रकार वेगळ्या यादीतून निवडायचा असतो. तो आधी कधीतरी भरलेला असतो आणि तिथे कन्सल्टिंगच राहून जातं. दुसरीकडे रेकमेंडर लिहितो की हा पुढे क्वालिटी हेड होईल, कारण त्याला दुसरं काही सांगितलेलंच नसतं. एसेमध्ये सोर्सिंग, फॉर्ममध्ये कन्सल्टिंग, पत्रात क्वालिटी, आणि मुलाखतीत चौथंच. सल्ला कार्यालयं फक्त एसेचे पैसे घेतात, म्हणून फॉर्मकडे आणि पत्राकडे त्यांचं लक्षच जात नाही. माझा राग याच गोष्टीवर आहे. एसे पक्का झाला की फॉर्मचं प्रत्येक पान पुन्हा उघडा. रेकमेंडरला काय लिहायचं ते सांगू नका, पण तुमचं ध्येय आणि त्याच्यासमोर घडलेले दोन-तीन प्रसंग एका पानावर नक्की द्या.

"इथेच का" साठी शाळेचा प्लेसमेंट रिपोर्ट काढा. त्यात क्षेत्र आणि कामाचा प्रकार अशी दोन वेगळी कोष्टकं असतात, दोन्ही बघा. रिटेल किंवा फूडमध्ये फारच थोडे जण गेले असतील तर शाळा बाद होत नाही, पण कॅम्पसबाहेर नोकरी कशी शोधणार हे एका वाक्यात सांगावं लागेल. विषयांची नावं माळेसारखी ओवू नका. खरेदीदार, नव्या लाइनचा खर्च आणि पडता भाव या वर निघालेल्या तीन प्रश्नांना एकेक विषय जोडलात की पुरे.

मुलाखतीत एक प्रश्न येण्याची शक्यता बरीच आहे: फळांतच राहायचं तर आयआयएम अहमदाबादचा फूड अँड ॲग्रिबिझनेसचा कोर्स किंवा लखनौचा ॲग्रिबिझनेसचा का नाही? उत्तर आधी स्वतःला पटलं पाहिजे. ते दोन वर्षांचे कोर्स आहेत आणि वाट कॅटमधून जाते. चार वर्षांच्या अनुभवानंतर एक वर्षाचा कोर्स हवा असेल तर तसं स्पष्ट म्हणा. खरं तर ते कोर्स तुम्हाला जास्त जुळत असतील तर तिथेही अर्ज करा, त्यात कमीपणा काही नाही.

घरची द्राक्षबाग किंवा पॅकहाउस असेल तर ते लपवू नका. तिथे परतायचंच असेल तर शॉर्ट-टर्म गोल वेगळा बांधावा लागेल, तसं असल्यास मला कळवा. लाँग-टर्ममध्ये "दहा लाख शेतकऱ्यांचं उत्पन्न दुप्पट" असलं वाक्य मात्र घालू नका. पाच पॅकहाउस आणि तीन पिकं म्हणालात तर वाचणारा ते मनात मोजून बघू शकतो.

राहिली वेळ. बऱ्याच शाळांची पहिली फेरी सप्टेंबरच्या आसपास आणि दुसरी डिसेंबर-जानेवारीत संपते. दुसरी फेरी नेमकी हंगाम सुरू होताना येते. तेव्हा तुमचा मॅनेजर रात्री अकरापर्यंत लोडिंगवर उभा असणार आणि पत्र घाईत दोन ओळींचं होणार. जमलं तर पहिलीच फेरी धरा आणि त्याला जुलैमध्ये, काम सैल असताना, ते एक पान नेऊन द्या.