व्यवसाय कर वाचवायला पॉलिसी?

प्रश्न: मी पांढरकवड्याजवळ एका जिनिंगच्या ऑफिसात दोन वर्षांपासून कामाला आहे. भत्ते धरून पगार २२,०००. त्यातून दर महिन्याला व्यवसाय कराचे २०० कापतात, फेब्रुवारीत ३००. आदिलाबादला माझ्या भावाला १९,००० पगार आहे, त्याचे १५०च जातात. असं का? हा कर वाचावा म्हणून ओळखीच्या एजंटकडून वर्षाला २४,००० हप्त्याची, पंधरा वर्षांची पॉलिसी घेतली. कागद मागच्या आठवड्यात आले. कर कधीपासून थांबेल?

उत्तर: ताई, पॉलिसीने हा कर थांबत नसतो. आणि मुळात तो तुम्हाला लागूच नाही.

व्यवसाय कर राज्यं लावतात. राज्यघटनेने वर्षाला माणशी २,५०० ची कमाल मर्यादा घातली आहे; तिच्या आत टप्पे ठरवणं राज्याच्या हाती. तेलंगणात १५,००० ते २०,००० पगाराला १५०, म्हणून तुमच्या भावाचे तेवढेच. हरियाणात हा करच नाही. आपल्याकडे १०,००० च्या वर पगार असलेल्या पुरुषाचे महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० जातात. पगारदाराचा कर मालक कापून भरतो. डॉक्टर, वकील आपला आपण भरतात.

पण १ एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर हा कर नाही. आधी ही मर्यादा १०,००० होती, आणि तुमच्या ऑफिसातला हिशेब बहुधा अजून तिथेच अडकलाय. इथे हातात पडणारा नव्हे, भत्त्यांसकट पूर्ण पगार बघतात. तुमचा २२,००० आहे, म्हणजे प्रश्न मिटला. दोन वर्षांचे ५,००० गेले. कारकुनाला लेखी अर्ज द्या, या महिन्यापासून कपात बंद करायला सांगा आणि कापलेले पैसे सरकारात भरल्याची चलनं मागा. भरलेच नसतील तर ते ऑफिसकडेच आहेत, सरळ परत मागा.

आता खरं दुखणं. ज्या कराची सूट एजंटाने दाखवली असेल तो आयकर, आणि २,६४,००० च्या उत्पन्नावर तुम्हाला तो एक रुपयाही बसत नाही. म्हणजे वाचवायला काहीच नाही, आणि त्यासाठी वर्षातला एका महिन्याहून जास्त पगार जाणार, पंधरा वर्षांत ३,६०,०००. अशा पॉलिसीचं विमा संरक्षण साधारण हप्त्याच्या दहापट, म्हणजे २,४०,०००. तुमच्या एका वर्षाच्या पगाराएवढंही नाही! एजंटाचं कमिशन मात्र पहिल्या हप्त्यातूनच सुटतं.

नशीब, कागद आताच आलेत. मिळाल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचे पैसे वजा होऊन बाकी हप्ता परत मिळतो. एजंट “एक वर्ष तर चालवून बघा” म्हणेल. त्याच्या हाती कागद देऊ नका. अर्ज कंपनीच्या शाखेत स्वतः द्या आणि तारखेचा शिक्का मारलेली पोच घ्या.