त्रेपन्नाव्या वर्षी नोकरी शोधताना: चाकणच्या मोठ्या गेटऐवजी भोसरीची शेड

प्रश्न: मी ५३ वर्षांचा, डिप्लोमा मेकॅनिकल. चाकणच्या एका ऑटो कंपोनंट कंपनीत प्रेस पार्ट आणि वेल्डेड असेंब्लीच्या क्वालिटीत होतो, शेवटी मॅनेजर. आमची लाइन दुसऱ्या राज्यात गेली आणि मला हिशोब करून घरी पाठवलं. पगार महिना १ लाख ३० हजार होता. चार महिने नोकरीच्या साइटवर अर्ज करतोय. तीन फोन आले, तिघांनीही वय विचारून पुढे काही केलं नाही. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घराचे हप्ते अजून चार वर्षं आहेत. ओळखीचे म्हणतात लीड ऑडिटरचा कोर्स करा, कोणी म्हणतं पेन्शन सुरू करून घ्या. काय करू?

उत्तर:

नमस्कार.

साइटवरचे अर्ज का अडतात ते आधी सांगतो, म्हणजे दोष स्वतःकडे घेणं थांबेल. मोठ्या कंपनीत भरती करणारा मुलगा क्वालिटी मॅनेजरच्या जागेसाठी अनुभवाची चौकट भरतो, दहा ते पंधरा वर्षं. तुमची वर्षं त्याच्या दुप्पट, म्हणून तुमचं नाव त्याच्या यादीत उगवतच नाही. उगवलंच, तर अठ्ठावन्नला निवृत्ती असलेल्या ठिकाणी तो तुमची उरलेली पाच वर्षं मोजतो आणि पुढचा अर्ज उघडतो. अर्जाची भाषा सुधारून हे बदलत नाही. साइटवर रोज अर्धा तास द्या, त्याहून जास्त नको.

तुमच्या अनुभवाची खरी गरज मोठ्या कंपनीच्या एक पायरी खाली आहे. भोसरी, तळवडे, कुरुळी, चाकणच्या आतल्या रस्त्यांवर साठ ते दीडशे कामगारांच्या प्रेस आणि वेल्डिंगच्या शेड आहेत. त्या तुमच्या जुन्या कंपनीसारख्यांना माल देतात. मालकाला मशीन आणि टूल कळतं, पण ग्राहकाची तक्रार आली की दोषाचं मूळ कारण आणि उपाय सांगणारा ८डी रिपोर्ट ठरल्या मुदतीत पाठवायचा असतो, नवा पार्ट आला की तो मंजूर करून घेण्याची पीपीएपी फाइल द्यायची असते, आणि ऑडिटला वाहन उद्योगाच्या क्वालिटी मानकाची, आयएटीएफ १६९४९ ची, उत्तरं द्यायची असतात. हे करायला त्याच्याकडे दोन वर्षं अनुभवाचा मुलगा असतो. तो वर्षभरात शिकतो आणि मोठ्या कंपनीत जातो. मग मालक पुन्हा तसाच मुलगा घेतो. ही जागा कुठेही छापून येत नाही, कारण आपल्याला क्वालिटीतला जाणता माणूस हवा आहे हे मालकाने स्वतःशीही नीट ठरवलेलं नसतं. त्याला फक्त ग्राहकाने पैसे कापल्याच्या डेबिट नोट दिसतात.

ही गरज कोणाला आत्ता आहे, हे ओळखता येतं. ग्राहकाने ज्याला कंट्रोल्ड शिपिंगवर टाकलंय तो पहिला. लेव्हल वनमध्ये पुरवठादाराला स्वतःच प्रत्येक नग पुन्हा तपासून द्यावा लागतो. लेव्हल टूमध्ये बाहेरची एजन्सी तपासते आणि तिचं बिल त्याच्या माथी येतं. दुसरा तो, ज्याने नवी प्रेस किंवा रोबोट वेल्डिंग सेल घेतलाय आणि आजवर न केलेला पार्ट पकडलाय. तिसरा तो, ज्याचा क्वालिटीचा माणूस नुकताच गेलाय. ही माहिती कोणाकडे असते? सॉर्टिंग एजन्सीच्या सुपरवायझरकडे, गेज कॅलिब्रेशन करणाऱ्या लॅबकडे, प्लेटिंग आणि पावडर कोटिंगवाल्यांकडे, टूलरूमकडे, आणि तुमच्या जुन्या ग्राहकांच्या सप्लायर क्वालिटीतल्या लोकांकडे. ही माणसं आठवड्याला वीस शेडमध्ये जातात.

म्हणून या आठवड्यात वही घेऊन चाळीस नावं लिहा. तुम्ही स्वतः ज्या व्हेंडरचं ऑडिट केलं, ज्यांचा माल नाकारला, ज्यांना सुधारायला मदत केली, ते सगळे. ज्यांच्याशी कडक पण न्यायाने वागलात, त्यांना आधी फोन करा. तुम्ही कसे काम करता हे त्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून तिथे बायोडेटाची गरज पडत नाही. फोनवर नोकरी मागू नका, कारण समोरचा लगेच ‘जागा नाही’ म्हणेल. असं बोला: ‘साहेब, मी आता मोकळा आहे. तुमच्याकडे त्या ब्रॅकेटचा वेल्ड क्रॅकचा त्रास होता, तो मिटला का? एक तास येऊन शॉपवर चक्कर मारू का? बघतो आणि काय वाटतं ते सांगतो.’ चाळीसपैकी बरेच जण टाळतील, ते गृहीत धरा. तुम्हाला तीन-चार दारं उघडली तरी पुरे आहेत.

त्या तासाभराच्या फेरीत काय बघायचं हे तुम्हाला माहीत आहे, पण आता ते विक्रीच्या नजरेने बघा. लाल पेटीतले नग कोणत्या दोषाचे आहेत आणि कोणत्या शिफ्टचे. भिंतीवरच्या कंट्रोल प्लॅनवर जे लिहिलंय ते ऑपरेटर करतो का. पहिल्या नगाची नोंद सकाळी होते की संध्याकाळी एकदम भरली जाते. सगळ्या रकान्यांत एकाच पेनाची, एकाच दिवसाची शाई दिसली तर उत्तर मिळालंच. फिक्श्चरच्या लोकेटिंग पिना झिजल्यात का. घरी येऊन एक पान लिहा. त्यात तीन निरीक्षणं आणि त्यातलं कोणतं मालकाला महिन्याला पैशात दुखतंय, एवढंच असावं.

धरा, वेल्डेड ब्रॅकेटच्या महिन्याच्या वीस हजार नगांत चारशे परत येतात, म्हणजे दोन टक्के. परत आलेल्या नगाचा माल, मजुरी, वाहतूक आणि सॉर्टिंग मिळून नगामागे दीडशे रुपये जात असतील, तर महिन्याला साठ हजार बुडतात. त्यात ऑर्डर जाण्याची धास्ती धरलेली नाही. आता तुमचा प्रस्ताव असा: तीन महिने, आठवड्याला तीन दिवस, हा एकच पार्ट. पहिल्या महिन्यात पिना, करंटची सेटिंग आणि पहिल्या नगाची तपासणी बसवायची, तिसऱ्या महिन्याअखेर परतावा शंभर नगांच्या खाली आणायचा. मालक संपूर्ण खात्यासाठी हो म्हणायला कचरतो, पण एका पार्टसाठी म्हणतो. त्या तीन महिन्यांत तुम्हालाही कळतं की तो लाइन थांबवू देतो का.

पैशाचं स्पष्ट बोलू. १ लाख ३० हजार अशा शेडमधून पूर्णवेळ पगार म्हणून मिळण्याची अपेक्षा धरू नका. पण दिवसाला साडेचार हजार धरले, तर एका ठिकाणी महिन्याचे तेरा दिवस आणि दुसऱ्या ठिकाणी नऊ, मिळून ९९ हजार होतात. दर बोलताना मालकासमोर वरचे साठ हजार ठेवा. परतावा शंभराच्या खाली आला की त्याच्या तेरा दिवसांच्या साडेअठ्ठावन्न हजारांपैकी पंचेचाळीस हजारांहून जास्त त्याच्याच नुकसानीतून निघतात. कामाच्या बिलावर १० टक्के टीडीएस कापतील, तो रिटर्नमध्ये जुळवून घेता येतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. मात्र यात पीएफ नाही आणि आरोग्य विमाही नाही, तो स्वतः घ्या आणि त्याचा हप्ता दर ठरवतानाच मोजा. तुमच्या घराच्या हप्त्यांमुळे माझा कल असा आहे: तीन महिने असं काम, आणि जमलं तर त्याच मालकाकडे पीएफसह पूर्णवेळ, पगार थोडा कमी असला तरी.

पेन्शन आत्ता सुरू करू नका. ईपीएसची पूर्ण पेन्शन अठ्ठावन्नला आहे. पन्नाशीनंतर ती आधी घेता येते, पण जेवढी वर्षं आधी, तेवढ्या वर्षांमागे ४ टक्के कपात, आणि ती कपात जन्मभर राहते. तुमच्या बाबतीत जवळपास पाचवा हिस्सा जाईल. तुमच्याकडे काम करण्याची पाच वर्षं आहेत, म्हणून हा सौदा वाईट आहे. नवीन ठिकाणी जुनाच यूएएन द्या, नवीन खातं उघडू देऊ नका.

लीड ऑडिटरचा पाच दिवसांचा कोर्स वाईट नाही, पण त्याने लगेच ऑडिटरचं काम मिळत नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था प्रत्यक्ष ऑडिटचा अनुभव मागतात, तो जमवायला वेळ जातो. त्या पैशांत आधी दुसरी गोष्ट करा. २०१९ साली अमेरिकेची एआयएजी आणि जर्मनीची व्हीडीए या वाहन उद्योगाच्या संस्थांनी एफएमईएचं, म्हणजे संभाव्य दोष आधीच शोधण्याच्या पद्धतीचं, एकत्र हँडबुक काढलं आणि धोका मोजणाऱ्या आरपीएनच्या गुणाकाराच्या जागी अ‍ॅक्शन प्रायॉरिटी आणली. बरेच ग्राहक आता हेच मागतात. तुमच्या जुन्या फाइली शंभराच्या वरचा आरपीएन शोधणाऱ्या असतील, तर दुसऱ्या कुणी लक्षात आणून देण्याआधी स्वतः नवीन पद्धतीने दोन पार्टचे एफएमईए करून बघा. एक्सेल आणि मेल स्वतः हाताळा. शेडमध्ये त्यासाठी वेगळा माणूस नसतो, आणि जुन्या कंपनीत तुमच्या हाताखाली चार इंजिनिअर होते याचं तिथे कुणाला कौतुक नसतं. ‘आमच्याकडे असं नव्हतं’ हे वाक्य पहिल्या महिन्यात एकदाही बोलू नका. तुम्ही कितीही बरोबर असलात तरी ऑपरेटर त्या दिवसापासून तुमचं ऐकणं सोडतात.

काही मालकांना टाळावं लागेल. पहिल्याच भेटीत ‘ऑडिट पंधरा तारखेला आहे, फाइल बनवून द्या’ म्हणणारा तुमचं नाव वापरेल, काम नाही. मागच्या तारखेच्या नोंदी भरायला सांगितल्या तर तिथेच नमस्कार करा, कारण ऑडिटर कधीतरी त्या शाईजवळ येतोच आणि मग सही तुमची असते. आणि कुणी जुन्या कंपनीची ड्रॉइंग किंवा दर मागितले, तर स्पष्ट नाही म्हणा. तुमच्या सेवापत्रातलं गोपनीयतेचं कलम आज पुन्हा वाचा. पद्धत तुमची आहे, ती कुठेही न्या. कागद त्यांचे आहेत.

काम ठरलं की मेलवर पाच ओळी पाठवा: कोणता पार्ट, आठवड्याचे कोणते दिवस, आज परतावा किती, तीन महिन्यांनी किती, आणि बिल महिन्याच्या शेवटी, पैसे पंधरा दिवसांत. त्याचं ‘ठीक आहे’ असं उत्तर येईपर्यंत शेडमध्ये पहिला दिवस धरू नका. पहिलं बिल पंधराऐवजी पंचेचाळीस दिवसांवर गेलं, तर दुसऱ्या महिन्याचं काम सुरू ठेवा, पण चाळीस नावांच्या वहीतून पुढचे फोन त्याच आठवड्यात लावा.