कोलेस्टेरॉल नॉर्मल असूनही पापणीवर पिवळे चट्टे का येतात?

प्रश्न: आई ५२ वर्षांची आहे, आम्ही साताऱ्यात राहतो. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापणीवर, नाकाच्या बाजूला पिवळसर मऊ उंचवटे आलेत. त्याला झँथेलाझ्मा म्हणतात असं कळलं. रिपोर्टमध्ये टोटल कोलेस्टेरॉल १९४, ट्रायग्लिसराइड २२०, एचडीएल ३४. लॅबवाले म्हणाले टोटल नॉर्मल आहे, काळजी नको. मग हे कोलेस्टेरॉलचे कसे? आणि काढून टाकावेत का?

उत्तर:

मी सांगलीत फॅमिली डॉक्टर आहे. असे चट्टे घेऊन येणाऱ्या बायका बहुतेकदा 'पार्लरमध्ये जाळून घेऊ का' एवढंच विचारतात. तुम्ही रिपोर्ट करून घेतलात हे फार बरं केलंत, कारण खरी माहिती त्या रिपोर्टमध्येच आहे. फक्त ती टोटलच्या रकान्यात नाही.

आधी 'नॉर्मल असून कसे' याबद्दल. झँथेलाझ्मा असलेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांचं कोलेस्टेरॉल तपासणीत नॉर्मलच येतं. पापणीची कातडी शरीरात सगळ्यात पातळ. तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांतून थोडं एलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, बाहेर झिरपतं. कातडीतल्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळतात. अडचण अशी की बदललेलं, खराब झालेलं एलडीएल गिळताना या पेशींना 'आता पुरे' असा इशारा मिळत नाही. त्या चरबीने गच्च भरतात आणि तिथेच राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या फेसाळ दिसतात. त्यांचा थर म्हणजे तुमच्या आईच्या पापणीवरचा चट्टा. म्हणजे आत जे साठलंय ते कोलेस्टेरॉलच आहे, रक्तातला आकडा काहीही असो.

अशाच फेसाळ पेशी हृदयाच्या रक्तवाहिनीच्या भिंतीतही साठतात, आणि तिथे त्यातून ब्लॉकेज तयार होतं. म्हणून डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरातला एक अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. १९७६ ते ७८ मध्ये तिथल्या सुमारे १२,७०० लोकांच्या पापण्या तपासून नोंदवल्या आणि पुढे सरासरी २२ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २०११ मध्ये निष्कर्ष छापून आले. चट्टे असलेल्यांमध्ये हार्ट अटॅकचं प्रमाण साधारण दीडपट निघालं, आणि कोलेस्टेरॉलचा हिशेब वेगळा काढल्यावरही हा फरक टिकला. अभ्यास डॅनिश लोकांवरचा आहे, त्यामुळे 'दीडपट' हा आकडा आईला जसाच्या तसा लावू नका. पण चट्टा दिसला की हृदयाचा धोका नीट मोजायचा, एवढं मी त्यातून नक्की घेते.

आता आईचा रिपोर्ट. टोटल १९४ मधून एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ३४ वजा करा, उरले १६०. याला नॉन-एचडीएल म्हणतात, म्हणजे रक्तवाहिनीत साठू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल. हे साधारण १३० च्या आत असावं. बाईचं एचडीएल ५० च्या वर असावं, आईचं ३४ आहे. ट्रायग्लिसराइड ही रक्तातली दुसरी चरबी, ती १५० च्या आत हवी, आईची २२० आहे. ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग, म्हणजे ४४, त्या १६० मधून काढला की एलडीएल ११६ येतं. ते फार नाही. पण एचडीएल कमी असल्यामुळे टोटल आपोआप खाली आलं आणि सगळं ठीक असल्यासारखं दिसलं. आपल्याकडे हा नमुना अगदी नेहमीचा आहे, आणि त्याच्यासोबत पोटाचा घेर आणि वाढू लागलेली साखर असते.

रक्त जेवणानंतर दिलं असेल तर ट्रायग्लिसराइड वाढलेलं दिसू शकतं. तेव्हा १०-१२ तास उपाशी राहून लिपिड प्रोफाइल पुन्हा करा. आदल्या रात्री लग्नाचं जेवण नको. त्याच रक्तात उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीएवनसी, थायरॉइडसाठी टीएसएच, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लिव्हरची तपासणी करून घ्या, सोबत लघवीतलं प्रोटीनही.

थायरॉइडची तपासणी का, हे एका पेशंटवरून सांगते. तासगावकडच्या एक ताई, पन्नाशीच्या आतल्या. चट्टे होते, टोटल २६८. कुणीतरी स्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली होती आणि त्यांच्या मांड्या सतत दुखायच्या. टीएसएच निघालं ३८, म्हणजे थायरॉइड फारच मंद. थायरॉइड मंदावलं की लिव्हर रक्तातलं एलडीएल नीट उचलत नाही, म्हणून आकडा वाढतो. आणि अशा वेळी स्टॅटिन दिलं तर स्नायू दुखण्याची शक्यताही जास्त. स्टॅटिन थांबवून थायरॉइडची गोळी दिली. तीन महिन्यांनी टोटल २०४ वर आलं, मांड्यांचं दुखणंही गेलं. चट्टे मात्र होते तसेच राहिले. हे बहुतेकांच्या बाबतीत होतं: रक्त सुधारलं म्हणून पापणी साफ होईल असं धरून चालू नये.

आईला गोळी लागेल की नाही हे एका आकड्यावर ठरत नाही. बीपी, साखर, आणि आपल्या भागात आवर्जून विचारावं लागतं ते मिशरी. बायका ती व्यसनात मोजतच नाहीत, पण तो तंबाखूच. घरात कुणा पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६५ च्या आत हार्ट अटॅक आला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि खाण्याबद्दल एकच सांगते. लोक कोलेस्टेरॉल म्हटलं की शेंगदाण्याची चटणी बंद करतात आणि दिवसातून पाच कप गोड चहा तसाच ठेवतात. आईचं ट्रायग्लिसराइड वाढलंय, त्यामुळे कात्री आधी साखर, गूळ, पेढे, बिस्किटं आणि ताटातल्या भाताला लावा. जेवणानंतरचं चालणं सुरू करा.

काढण्याबद्दल: चट्ट्यांनी डोळ्याला इजा होत नाही, ते कॅन्सरही होत नाहीत. दिसायला नको वाटत असतील तर काढावेत, तेही कारण पुरेसं आहे. त्वचारोगतज्ज्ञ ॲसिड लावून, रेडिओफ्रिक्वेन्सीने किंवा लेझरने काढतात. मोठे असतील तर डोळ्यांचे किंवा प्लास्टिक सर्जन कापून काढतात. सावळ्या कातडीवर नंतर पांढरा किंवा काळा डाग राहू शकतो, आणि पुन्हा येण्याचं प्रमाण बरंच आहे, दुसऱ्यांदा काढल्यावर तर आणखी. म्हणून आधी रक्ताचं बघा, मग काढा. लसूण चोळणं, चुना-सोडा लावणं हे डोळ्याशेजारी अजिबात नको. त्याने बुबुळाला भाजतं.

तुमचं स्वतःचं लिपिड प्रोफाइलही एकदा करून घ्या. एलडीएल १९० च्या वर आलं, किंवा घरात कुणाच्या टाचेमागची शीर जाड, गाठाळ लागत असेल, तर तो जास्त कोलेस्टेरॉलचा आनुवंशिक प्रकार असू शकतो. तो आईवडिलांपैकी एकाकडून निम्म्या मुलांमध्ये उतरतो, त्यामुळे मग भावंडांचीही तपासणी करावी लागते. आईच्या आकड्यांवरून मला तसं वाटत नाही, पण टाच दाबून बघायला पैसे लागत नाहीत.