एकाच फोटोवरून खुर्ची ओळखताना: लांब हातांची, वेताच्या बैठकीची

प्रश्न: काणकोणला मामांच्या घरात ही खुर्ची आहे, माझ्याकडे तिचा एवढा एकच फोटो आहे. हात खूप लांब, बैठक वेताची, पाठ मागे कललेली. एक दुकानदार म्हणतो, पोर्तुगीज अँटिक आहे, दोनशे वर्षं जुनी. ही नक्की कोणत्या प्रकारची खुर्ची आणि दुकानदाराचं खरं मानावं का?

उत्तर: ही प्लांटर्स चेअर आहे. आमच्याकडे गोव्यात जुनी माणसं हिला वोल्तेर म्हणतात. प्रकाराबद्दल मला शंका नाही, पण ‘पोर्तुगीज’ आणि ‘दोनशे वर्षं’ यातलं काहीच या फोटोवरून सिद्ध होत नाही. मी म्हापशाला जुन्या लाकडी सामानाची दुरुस्ती करतो. अशा खुर्च्या हाताखालून जातात, म्हणून फोटोत काय बघितलं ते क्रमाने सांगतो.

आधी नक्षी आणि पॉलिश विसरून फक्त आकार बघायचा. तुमच्या खुर्चीचे हात पुढच्या पायांवर संपत नाहीत, ते बैठकीच्या बरेच पुढे येतात. डाव्या हाताच्या खाली त्याला समांतर दुसरी चपटी फळी दिसते आणि ती पुढच्या पायाजवळ एका खुंटीवर अडकवली आहे. ही फळी बाहेर फिरवली की हात आणखी लांबतो. माणूस मागे रेलून पाय त्या दोन हातांवर टाकतो. पाय वर घेतल्यावर वजन मागे जातं, म्हणून पाठ एवढी कललेली आणि बैठक मागे उतरती असते. फिरणारी फळी दिसली की प्रकाराचा प्रश्न मिटला. मात्र काही प्लांटर्स चेअरना ती नसतेच, हातच मुळात लांब आणि सलग असतात. तेव्हा हात, उतरती बैठक आणि कललेली पाठ ही तिन्ही एकत्र बघावी लागतात.

दोन खुर्च्यांशी हिची गल्लत होते. एक म्हणजे आपल्याकडे घरोघरी असलेली कापडी आरामखुर्ची. तिच्यात कापड वरच्या आणि खालच्या दांड्यांवर लटकवलेलं असतं आणि चौकट घडी होते, तुमची चौकट पक्की आहे. दुसरी मॉरिस चेअर. तिची पाठ मागच्या खाचांत दांडा बदलून कमीजास्त कलवता येते आणि तिच्यावर सुट्या गाद्या असतात. तुमच्या खुर्चीची पाठ बाजूच्या दांड्यांतच बसवलेली दिसते.

आणखी एक गोष्ट सांभाळा. मोबाइल जवळ धरून समोरून फोटो काढला की पुढे आलेली वस्तू आहे त्याहून लांब दिसते, आणि या खुर्चीत पुढे येतात ते हातच. म्हणून लांबी फोटोवरून ठरवू नका, टेपने मोजा. पुढच्या पायापासून हाताचं टोक निदान वीतभर पुढे यायला हवं. नवा फोटो काढायचा असेल तर तीन मीटर लांब उभे राहा, कॅमेरा बैठकीच्या उंचीवर ठेवा आणि खुर्ची बरोबर बाजूने घ्या. पाठीचा कल, बैठकीचा उतार आणि हाताची लांबी ही तिन्ही त्या एका फोटोत खरी दिसतात.

आता ‘पोर्तुगीज’. हा आकार फक्त गोव्याचा नाही. इंग्रजांच्या हिंदुस्थानात आणि सिलोनमध्येही बंगल्यांच्या व्हरांड्यात अशाच खुर्च्या असायच्या, त्यामुळे ती गोव्याच्या घरात सापडली एवढ्यावरून तिची शैली पोर्तुगीज ठरत नाही. शैली शोधायची तर पाय आणि पाठीची वरची पट्टी बघायची. तुमच्या खुर्चीचे पुढचे पाय कातीव आहेत, म्हणजे कातारीकाम केलेले, कड्याकड्यांचे आणि खाली निमुळते. असे पाय १९व्या शतकात इंग्रजी वळणाच्या सामानात सगळीकडे होते. पाठीची पट्टी साधी, किंचित वर वळलेली आहे. गोव्यातल्या मोठ्या घरांच्या सालातल्या, म्हणजे दिवाणखान्यातल्या, खुर्च्यांवर वेगळंच काम असतं. गुडघ्यासारखे बाहेर वळून खाली आत येणारे पाय, पाठीच्या डोक्यावर पानं किंवा शिंपल्याचं कोरीव काम, मध्ये जाळीदार फळी. चांदोरला मिनेझिस ब्रागांझांचं घर बघायला मिळालं तर सालातल्या खुर्च्यांचे पाय आणि पाठी निरखून बघा. तुमची खुर्ची सालातली नाही, बाल्कांवातली, म्हणजे घरापुढच्या ओसरीतली आहे. गोव्याच्या सुताराने गोव्याच्या घरासाठी केलेली असेल, पण तिच्या अंगावर पोर्तुगीज शैलीची खूण मला दिसत नाही.

वयाचा धागा मात्र फोटोतच आहे, तो बैठकीच्या कडेला. फोटो मोठा करून पाहिला तर वेताच्या जाळीच्या चारी बाजूंनी एक गोल, सलग पट्टी दिसते. याचा अर्थ तयार विणलेली जाळी खोबणीत दाबून वर वेताची पट्टी ठोकली आहे. हाताने विणलेल्या बैठकीत असं नसतं. तिथे चौकटीत साधारण अर्ध्या इंचावर भोकं पाडलेली असतात आणि वेताची प्रत्येक सळी भोकातून खाली जाऊन पुन्हा वर येते. यंत्रावर विणलेली तयार जाळी १९व्या शतकाच्या उत्तरार्धात आली. त्यामुळे ही खोबण मूळचीच असेल तर खुर्ची दोनशे वर्षांची असणं शक्य नाही.

‘असेल तर’ म्हणतो, कारण जुन्या खुर्चीची विणकाम केलेली बैठक फाटली की काही कारागीर भोकांवरूनच खोबण मारतात आणि तयार जाळी बसवतात. काम लवकर होतं, हाताने विणायची मजुरी वाचते. मला हे आवडत नाही, कारण भोकं एकदा कापली गेली की ती बैठक पूर्वीसारखी विणता येत नाही. पण अशा खुर्चीत खालून भोकांची रांग राहतेच. तेव्हा खुर्ची उलटी करा आणि बैठकीच्या चौकटीचा खालून जवळचा फोटो काढा. उलटी असतानाच स्क्रूही बघा. अधिकाच्या खाचेचे, फिलिप्स डोक्याचे स्क्रू १९३० च्या दशकातले किंवा त्यानंतरचे. ते फक्त फिरणाऱ्या फळीच्या खुंटीजवळ असतील तर नंतरची दुरुस्ती समजा, मुख्य सांध्यांत असतील तर खुर्चीच तेव्हाची किंवा नंतरची. जुन्या कामात सांध्याला कुसू, म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसणारं टोक असतं आणि त्यातून आरपार लाकडी खुंटी.

लाकूड फोटोवरून सांगणार नाही, आणि कोणी सांगितलं तर ऐकू नका. गडद पॉलिशखाली फणस, साग आणि शिसवी सारखीच दिसतात. चौकटीच्या खालच्या, कधी पॉलिश न झालेल्या जागी चाकूने बारीक खरवडा. पिवळं निघालं तर फणस असण्याची शक्यता मोठी, जांभळट काळं निघालं तर शिसवी.

भोकांची रांग आणि खुंटीचे सांधे दोन्ही मिळाले तर खुर्ची १९व्या शतकातली असू शकते, आणि मग जाळी काढण्याआधी भोकं किती शाबूत आहेत ते एखाद्या विणकाम करणाऱ्याला दाखवा. भोकं नसतील तर दुकानदाराचं दोनशे वर्षांचं म्हणणं खरं मानू नका.