मशीन घेण्याआधी दर आणि प्रतीक्षा एकत्र पाहा

प्रश्न : मला घरून कपड्यांची दुरुस्ती आणि फिटिंगचे काम सुरू करायचे आहे. जवळपास चार-पाच जण हे काम करतात. सर्वांपेक्षा २० टक्के कमी दर ठेवून सुरुवात करावी, असे वाटते. साधे शिलाई मशीन घरात आहे. कापडाच्या कडा उसवू नयेत म्हणून त्या शिवून घेणारे ओव्हरलॉक मशीन बचतीतून लगेच घ्यावे का?

उत्तर : मशीनची खरेदी महिनाभर थांबवावी आणि २० टक्के सवलतीचा विचार तूर्त सोडून द्यावा, असे माझे मत आहे. त्यातही सवलतीचा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो. मशीन नको असल्यास ते विकून काही रक्कम तरी परत मिळते, पण कमी दराची सवय लागलेल्या ग्राहकाकडून पुढे वाढीव दर घेणे फार अवघड जाते.

एका साध्या कामाचा प्रचलित दर १०० एकक धरू. धागा, चेन, वीज आणि ने-आण यांवर त्यातले ३० जातात आणि तुमच्या वेळेची मजुरी म्हणून ३५ बाजूला काढले, तर हाती ३५ उरतात. दर ८० केला, तरी धाग्याचा खर्च घटत नाही आणि त्या कामाला लागणारा वेळही तेवढाच राहतो. म्हणून हाती केवळ १५ उरतात. ग्राहकाला २० टक्के सूट देताना तुमची शिल्लक निम्म्याहून अधिक घटते. मशीनची किंमत प्रचलित दराच्या १५० कामांइतकी मानली, तर ती वसूल होण्यासाठी पहिल्या दराने सुमारे ४३० कामे लागतील आणि सवलतीच्या दराने १०००. एकटीने काम करणाऱ्या व्यक्तीच्या हातांना दिवसाचे ठरावीकच तास असतात, त्यामुळे जास्त काम घेऊन ही तूट भरून काढता येत नाही.

दर कमी असावा की अधिक, हे चौकशीतून ठरवावे. त्यासाठी तीन ठरावीक कामे निवडा : पँटची उंची कमी करणे, चेन बदलणे आणि अस्तर असलेल्या ड्रेसचे फिटिंग. हीच तीन कामे प्रत्येकाला त्याच शब्दांत विचारा, कारण वर्णन बदलले की सांगितलेला दरही बदलतो. दरात काय धरले आहे, हेही लिहून घ्या. एक जण चेन बदलण्याचे १०० सांगतो, पण चेन ग्राहकाने आणायची असते आणि तिला २५ लागतात. दुसरा १३० सांगतो आणि चेन त्याचीच असते. कागदावर ३० चा दिसणारा फरक प्रत्यक्षात ५ चा ठरतो. फिटिंग बिघडल्यास पुन्हा करून देतात का आणि त्याचे वेगळे पैसे घेतात का, हेही याच नोंदीत असावे. शक्य असल्यास एक-दोघांना खरोखर कपडा देऊन पूर्ण दर मोजा. शिवण आतून कशी घेतली आहे, हे दर विचारून कळत नाही.

मात्र या चौकशीतला सर्वांत मोलाचा प्रश्न दराचा नाही. ‘आज कपडा दिला तर कधी मिळेल?’ हे प्रत्येकाला विचारा, आणि सुमारे दोन आठवड्यांनी पुन्हा विचारा. स्पर्धकाकडे किती काम आहे, हे तो सांगणार नाही आणि तसे विचारणे योग्यही नाही. परंतु त्याने दिलेली तारीख त्याचा अंदाज देते. दर कमी आणि प्रतीक्षा दहा दिवसांची असेल, तर तो मिळू शकणाऱ्या मोबदल्यापेक्षा स्वस्तात काम करत असण्याची शक्यता मोठी आहे. त्याच्याहून कमी दर ठेवण्याचे तुम्हाला काहीच कारण नाही. दर कमी असूनही कपडा त्याच दिवशी मिळत असेल, तर केवळ स्वस्ताईने तेथे गर्दी होत नाही, हे लक्षात घ्यावे. दर जास्त असूनही लोक आठवडाभर थांबत असतील, तर त्याच्या कामात लोकांना पटणारे काहीतरी आहे आणि ते काय, हे शोधण्यात वेळ घालवावा. लग्नसराई, सणासुदीचे दिवस किंवा शाळा उघडण्याचा काळ असल्यास तारखा फुगलेल्या असतात, म्हणून एकाच दिवसाच्या उत्तरावर विसंबू नये.

घरून काम करणाऱ्या सर्वांत स्वस्त व्यक्तीला मापदंड मानू नका. तिच्या दरात तिच्या वेळेची मजुरी धरलेलीच नसेल, तर तो दर तिलाही फार काळ परवडणार नाही. याउलट कपडे धुऊन देणारी काही दुकाने दुरुस्तीची कामे घेतात, पण ती बाहेर करवून घेतात. अशा दुकानाचा दर चढा दिसतो, कारण त्यात त्याचा हिस्सा असतो. तुमच्यासाठी ते स्पर्धक कमी आणि कामे पाठवू शकणारे ग्राहक अधिक ठरू शकते. नवीन कपड्याबरोबर फिटिंग मोफत करून देणाऱ्या दुकानांचीही यादीत नोंद करा. शेवटी प्रत्येक दुरुस्तीच्या दराला एक वरची मर्यादा असते : तेवढ्या पैशांत नवा कपडा येत असेल, तर ग्राहक दुरुस्ती करवून घेणार नाही.

ऑनलाइन अभिप्राय वाचताना अतिस्तुती आणि संताप बाजूला ठेवून मधले अभिप्राय पाहावेत, तेही गेल्या वर्षभरातले. एकच तक्रार तीन-चार वेगवेगळ्या स्पर्धकांबाबत दिसली, तर ती त्या भागातली उणीव समजावी. एकाच व्यक्तीबाबत असेल, तर ती त्या व्यक्तीची उणीव.

परंतु उणीव दिसली म्हणजे तिला मागणी आहेच, असे नव्हे. जाड कातडी जाकिटे कोणीच दुरुस्तीला घेत नसेल, तर त्यामागे वेगळे मशीन, तुरळक कामे आणि सुईचे चुकीचे छिद्र बुजत नसल्याने येणारी जोखीम, अशी कारणे असू शकतात. ती पोकळी रिकामी आहे, तीच बरी. ‘सांगितलेल्या दिवशी कपडा नक्की मिळेल’ याची हमी मात्र वेगळी आहे, कारण तिला भांडवल लागत नाही, फक्त रोजची कामे मोजून घ्यावी लागतात. ती पारखण्यासाठी घरातल्या मशीनवर प्रचलित दराने कामे घ्या आणि दोन दिवसांत हवे असल्यास १५ टक्के अधिक, तेही आगाऊ, असे सांगा. ओळखीचे लोक विचारल्यावर होकार देतात. आगाऊ रक्कम किती अनोळखी लोक देतात, तेवढेच मोजावे.

या महिन्यात कडा बाहेरून ओव्हरलॉक करून आणाव्यात आणि त्याचा खर्च कामागणिक लिहावा. हा खर्च मशीनच्या महिन्याच्या हप्त्याइतका होऊ लागला, किंवा ओव्हरलॉकअभावी आठवड्याला ठरावीक कामे परत पाठवावी लागली, तर मशीन घेण्यास माझी हरकत नाही. हप्ता काढताना मशीनची किंमत ३६ महिन्यांत विभागावी. बहुतेक स्पर्धक एक-दोन दिवसांत कपडा देत असतील आणि तुमच्याकडेही आगाऊ देणारे अनोळखी ग्राहक आले नाहीत, तर बचत आहे तशीच राहू द्यावी आणि उपलब्ध मशीनवर, दर न उतरवता, एखाद्या दुकानाची कामे घेऊन पाहावीत.